रजेचा मेल आणि दोन अण्णा

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला आजारी पडता येतं, पण आजारी असल्याचं थोडक्यात कळवता येत नाही. दोष त्याचा नाही, पत्रलेखनाचा आहे. शाळेत रजेचा अर्ज हमखास परीक्षेला यायचा आणि त्याला मार्क मिळायचे ते लांबीवर. वर 'प्रति', खाली 'माननीय मुख्याध्यापक', मग 'महोदय', मग आपण कोण, कुठल्या इयत्तेत, कुठल्या तुकडीत, मग 'सविनय सादर', मग ताप, मग डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती, आणि सगळ्यात शेवटी 'आपला आज्ञाधारक'. पान भरलं पाहिजे, एवढीच अट. मी नसताना फळा कोण पुसणार, हे त्या अर्जात लिहायला कोणत्याही बाईंनी मला कधी सांगितलं नाही. पुढे माझी जी काही फजिती झाली, तिचं मूळ त्या न पुसलेल्या फळ्यात आहे, असं माझं ठाम मत आहे.

मी पुण्यात पंपांचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीत बिलिंग आणि डिस्पॅच बघतो. म्हणजे काय, तर माल बांधणारे वेगळे, चढवणारे वेगळे, नेणारे वेगळे. मी फक्त कागद करतो आणि कागदाशिवाय गाडी हलत नाही म्हणून रुबाबात राहतो. या कागदांतला सगळ्यात मानी कागद म्हणजे ई-वे बिल. माल राज्याबाहेर चालला असेल आणि किंमत पन्नास हजारांच्या वर असेल, तर ते काढल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढायची नाही. त्याचे दोन भाग असतात. 'अ' भागात मालाची माहिती आणि 'ब' भागात गाडीचा नंबर. रस्त्यात पथकाने गाडी अडवली आणि हे बिल नसलं, तर गाडी मालासकट अडकून पडते आणि सोडवून आणताना कराच्या २०० टक्के दंडाची भाषा सुरू होते. त्यामुळे आमचे ट्रकवाले एक वेळ ब्रेकशिवाय निघतील, पण ई-वे बिलाशिवाय निघत नाहीत.

आणि हे बिल काढणारा आमच्याकडे मी एकटाच होतो. पोर्टलचा पासवर्ड माझ्या डोक्यात आणि लॉगिन करताना येणारा ओटीपी माझ्या मोबाइलवर. तो नंबर खरं तर मालकांचा असायला हवा. पण 'कशाला तुम्हाला रोजचा त्रास' असं म्हणून मी माझा दिला होता. त्यात सेवाभाव किती आणि आपल्यावाचून अडलं पाहिजे ही हौस किती, याचा हिशेब पुढे येतोच.

तर त्या दिवशी पहाटे पोटाने बंड पुकारलं. आदल्या रात्रीच्या पाणीपुरीमुळे, असं बायकोचं म्हणणं. पाणीपुरीवर खाल्लेल्या खरवसामुळे, असं माझं. हा वाद अजून निकालात निघालेला नाही. ऑफिसला जाणं शक्य नव्हतं, कारण घर ते ऑफिस हे अंतर आणि माझी त्या वेळची क्षमता यांचा मेळ बसत नव्हता. म्हणून फोन घेऊन मेल लिहायला बसलो. बसलो कुठे ते सांगत नाही.

विषयाच्या जागी लिहिलं, 'विनंती अर्ज'. सुरुवात केली, 'माननीय महोदय, सविनय सादर विनंती की मी आपल्या कंपनीत बिलिंग व डिस्पॅच विभागात कार्यरत असून...' साहेब माझ्यापासून चार टेबलं सोडून बसतात. मी कोण हे त्यांना माहीत आहे, बहुधा गरजेपेक्षा जास्तच. तरी बोटं थांबेनात. पुढे पहाटेपासूनचा वृत्तान्त वेळेनुसार दिला. पाणीपुरीचा उल्लेख टाळून खरवसाचा केला, कारण खरवस खाणारा माणूस सात्त्विक वाटतो. फोनने मध्येच 'जुलाब'चं 'गुलाब' केलं, त्यामुळे 'पहाटेपासून सलग गुलाब सुरू आहेत' असं एक वाक्य तयार झालं आणि तसंच गेलं. पुराव्यादाखल थर्मामीटरचा फोटो जोडला. तो नीट दिसेना, म्हणून ओआरएसच्या पाकिटाचाही जोडला. शेवटी 'तरी कृपया माझी आजची रजा मंजूर करून उपकृत करावे'. मग वाटलं, सगळ्यांना कळलेलं बरं, म्हणून साहेबांबरोबर डिस्पॅचच्या ग्रुपलाही पाठवला. त्या ग्रुपमध्ये दोन ट्रान्सपोर्टवाले आणि बेळगावचं एक गिऱ्हाईकही आहे, हे मेल गेल्यावर आठवलं.

हे सगळं होईपर्यंत ऑफिस उघडून गेलं होतं. साहेबांच्या फोनवर मेल आला तेव्हा वरच्या पट्टीत दिसलं ते एवढंच: 'विनंती अर्ज. माननीय महोदय, सविनय सादर विनंती की मी...' फोनच्या पट्टीत मावतो तो विषय आणि पहिल्या ओळीचा तुकडा. त्या तुकड्यावरून साहेबांना वाटलं मी पगारवाढ मागतोय. म्हणून त्यांनी मेल उघडला नाही.

बाकीच्यांनी मात्र उघडला आणि फोन सुरू झाले. पहिला फोन ट्रान्सपोर्टवाल्याचा. मला वाटलं गाडीबद्दल असेल. तो म्हणाला, "दादा, जायफळ उगाळून घ्या. दोन वळसे बास." त्यानंतर गोडाऊनमधून सुंठ-साखर आली, अकाउंटमधल्या ताईंकडून डाळिंबाची साल आली, बेळगावच्या गिऱ्हाइकाने ताकात मेतकूट घालून घ्यायला सांगितलं आणि वर "गुलाब कुणी दिले?" असंही विचारलं. मी त्या दिवशी विचार करायच्या अवस्थेत नव्हतो, पण नंतर लक्षात आलं की लोकांची काहीच चूक नव्हती. माझ्या मेलमध्ये होतं ते फक्त पोट. मग लोकांनी पोटावरच उत्तर दिलं. गाडीबद्दल त्यात अक्षर नव्हतं, म्हणून गाडीबद्दल कुणी काही केलं नाही.

गाडी अकराला लागली. बेळगावचा माल, रक्कम पन्नास हजारांच्या बरीच वर, बिल तयार, माल चढलेला आणि ड्रायव्हर चहा पिऊन आलेला. ई-वे बिल नाही. मग खरे फोन सुरू झाले. बिलिंगचे अण्णा माझ्या खुर्चीत जाऊन बसले. हे आमच्याकडचे जुने गृहस्थ, कामाला चोख. मी त्यांना पासवर्ड सांगितला, तो त्यांनी लिहून घेतला, कॅप्चातली वेडीवाकडी अक्षरं ओळखली आणि ओटीपी मागवला. ओटीपी माझ्या फोनवर आला. फोन बाहेर चार्जिंगला होता. मी आत होतो.

त्यानंतरचा प्रसंग आमच्या मजल्यावर अजून निघतो. बायको फोन हातात घेऊन संडासाच्या दाराबाहेर उभी, आणि दुसऱ्या फोनवर स्पीकरवर अण्णा. मी आतून ओरडतोय, "वाच, वाच." ती वाचतेय, "चार... सात... हा सात आहे की एक?" अण्णा तिकडून, "वहिनी, परत सांगा, इथे मागे ट्रक चालू आहे." एवढ्यात तो ओटीपी शिळा झाला. परत कॅप्चा, परत ओटीपी. समोरच्या आजी दार उघडून विचारून गेल्या, की लॉटरी लागली का. शेवटी एकदाचं लॉगिन झालं, तर अण्णांना 'ब' भाग कुठे असतो ते सापडेना. तो मी आतून, डोळे मिटून, मेन्यूतली नावं आठवून सांगितला. विमानतळाच्या टॉवरमधून विमान उतरवणाऱ्याला काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं, फक्त माझा टॉवर जरा सखल होता. गाडी निघाली तेव्हा दुपार कलली होती.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. त्यांनी एव्हाना मेल वाचला होता, दोन्ही फोटोंसकट.

"बरं वाटतंय का आता?"

"हो साहेब."

"मग एक सांग. खरवसाचं मला कशाला सांगितलंस?"

मी गप्प.

"अरे, सकाळी मला दोनच गोष्टी कळायला हव्या होत्या. तू येतोयस का? आणि येत नसशील, तर गाडीसाठी मी फोन कुणाला करू? तुझ्या मेलमध्ये ह्या दोन सोडून सगळं आहे."

हे ऐकून मला राग आला, आणि तो खरं असलेलं ऐकल्यावर येतो तसला होता. असा मेल आपण का लिहितो, याचा मी अंथरुणात पडल्या पडल्या विचार केला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. मेल लांबतो तो एका भीतीने. साहेबांना खरं वाटणार नाही, ही ती भीती. म्हणून लक्षणं, म्हणून वेळा, म्हणून थर्मामीटर. गंमत म्हणजे पुरावे जितके जास्त तितका संशय जास्त. 'पोट बिघडलंय' हे कुणीही मान्य करतं. ओआरएसच्या पाकिटाचा फोटो पाहिला की माणूस तारीख बघायला लागतो.

पण दुसरी भीती जास्त चिवट आहे आणि तिचं नाव कुणी घेत नाही. आपल्या जागी कोण काम करेल ते लिहिलं, तर आपल्या जागी कुणीतरी काम करू शकतं हे साहेबांना कळेल. मी अण्णांचं नाव लिहायला विसरलो नव्हतो. ते मेल लिहिताना दोनदा मनात आलं होतं आणि दोन्ही वेळा मी ते बाजूला सारलं होतं. मोबाइल नंबर माझा दिला होता तो याच हिशेबातून. माझ्यावाचून अडावं अशी माझी इच्छा होती. ते अडलं, आणि अडल्यावर मला कुठे गाठलं ते वर आलंच आहे.

रजेच्या विनवणीबद्दलही थोडं. 'मंजूर करून उपकृत करावे' हे आपण सवयीने लिहितो, जणू रजा साहेबांच्या खिशातून जाते. महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा आहे. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांत त्याप्रमाणे वर्षाला ८ दिवस पगारी नैमित्तिक रजा मिळते. ती तिमाहीच्या हिशेबाने जमा होते आणि वापरली नाही तर वर्षअखेरीस जाते. आजारपणाची वेगळी रजा हा कायदा देत नाही. ती असलीच तर कंपनीच्या नियमांत असते, आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट कधी मागायचं तेही तिथेच ठरलेलं असतं. तेव्हा एका दिवसाच्या पोटदुखीसाठी 'उपकृत' व्हायची गरज नाही. कळवायचं मात्र वेळेवर.

बोध झाला, असं मला वाटलं. काही महिन्यांनी ताप आला तेव्हा मी मेल लिहिला तो असा: 'आज ताप आहे, येत नाही. काम अण्णा पाहतील.' एवढंच. पाठवून इतकं समाधान झालं की अर्धा ताप तिथेच उतरला.

आमच्या ऑफिसात दोन अण्णा आहेत.

एक बिलिंगचे, ज्यांची ओळख झाली. दुसरे गोडाऊनचे, जे माल मोजतात आणि कॉम्प्युटरला हात लावत नाहीत, लागलाच तर धुतात. बिलिंगच्या अण्णांना वाटलं गोडाऊनचे बघतायत, गोडाऊनच्यांना वाटलं बिलिंगचे बघतायत. दोघांपैकी एकालाही मी फोन केलेला नव्हता, मेलची प्रत पाठवलेली नव्हती. साहेबांनी मेल वाचून 'अण्णा आहेत' म्हणून मान डोलावली.

त्या दिवशी नेमकं हुबळीच्या एका गिऱ्हाइकाने ऑर्डर निम्मी केली. माल निघाला नव्हता, पण आदल्या दिवशीच मी उत्साहात पूर्ण मालाचं ई-वे बिल काढून ठेवलं होतं. आता ई-वे बिल चुकलं की ते दुरुस्त करता येत नाही, रद्द करून नवीन काढावं लागतं, आणि रद्द करायला काढल्यापासून २४ तास मिळतात. गिऱ्हाइकाने सकाळीच फोन करून कळवलं होतं. ज्याने फोन घेतला त्याने 'अण्णांना सांगतो' म्हटलं आणि त्याला भेटतील त्या अण्णांना सांगितलं. ते गोडाऊनचे निघाले. त्यांनी मालातून निम्मी खोकी चोख उतरवून घेतली आणि आपलं काम झालं असं समजून जेवायला गेले. २४ तास उलटले. मग एकच वाट उरली: ज्याच्या नावाने बिल आहे त्याने ७२ तासांच्या आत ते पोर्टलवर नाकारायचं. म्हणजे गिऱ्हाइकाला हात जोडून सांगायचं, की कृपा करून आमचा कागद नाकारा. आयुष्यात माणसाने काय काय मागावं! त्यांनी नाकारला, हसत हसत, आणि तेव्हापासून ते फोनवर मला 'कुठले अण्णा?' असंच विचारतात.

मेल आखूड असून भागत नाही, हे तेव्हा कळलं. त्यातलं नाव खरं असावं लागतं. खरं म्हणजे कोण ते ओळखू येईल असं, त्या माणसाला आधी विचारलेलं, आणि काम करायची चावी त्याच्या हातात असलेलं. चावीचं काम सगळ्यात सोपं निघालं. पोर्टलवर मुख्य लॉगिनखाली दुसऱ्या माणसासाठी सब-युजर तयार करता येतो, आणि त्याचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जातो. ही सोय तिथे आधीपासून होती. मी तिच्याकडे बघितलं नव्हतं, कारण का ते वर आलंच आहे. मी बिलिंगच्या अण्णांचा सब-युजर काढला. मुख्य लॉगिनचा नंबर मालकांचा करून दिला. मालक म्हणाले, "माझा नव्हता का?"

पुढच्या वेळी पोट बिघडलं तेव्हा (खरवस, यात आता शंका नाही) आधी अण्णांना फोन लावला. आपल्याला वाटतं पहिला मान साहेबांचा, पण अण्णा हो म्हणेपर्यंत साहेबांना कळवण्यासारखं अर्धंच हातात असतं. अण्णा म्हणाले, "करतो. शनिवारी माझी बँकेची फेरी तू कर." व्यवहार ठरला. मग विचार केला, आज माझ्यावाचून नेमकं काय अडेल? कागदावर लिहायला घेतलं तर यादी मोठी झाली. मग प्रत्येकापुढे 'उद्या केलं तर?' असं लिहिलं, आणि एकेक करून सगळी कामं गळाली. उरली एक गाडी. इतकी वर्षं मी ज्याला डोंगर म्हणत होतो त्यातलं त्या दिवसापुरतं तातडीचं एवढंच होतं. ते बघून जरा वाईट वाटलं, पण मेल त्यामुळेच आटोपला. तो असा:

विषय: आज आजारी, रजेवर (मंगळवार)

साहेब,
पोट बिघडल्यामुळे आज कामावर येऊ शकत नाही.
आजचं तातडीचं काम एकच: बेळगावच्या गाडीचं ई-वे बिल, ११ च्या आत. ते बिलिंगचे अण्णा करतील. त्यांच्याशी बोललोय, लॉगिन त्यांच्याकडे आहे. बाकी कामं उद्यापर्यंत थांबतील.
फारच अडलं तर १२ ते १ फोन घेईन. उद्या येतोय की नाही, ते संध्याकाळी ६ पर्यंत कळवतो.

प्रत अण्णांना. ग्रुपला नाही. साडेआठला पाठवला आणि साहेब मेल टेबलावर गेल्याशिवाय उघडत नाहीत म्हणून 'मेल केलाय, आज रजा' असा एक मेसेजही टाकला. साहेबांचं उत्तर आलं: 'ठीक. आराम कर.' पाणीपुरीबद्दल विचारपूस नाही, थर्मामीटरची मागणी नाही.

बारा ते एक मी फोन छातीवर ठेवून पडलो होतो. वाजला नाही. सव्वाला रेंज तपासली. तीनला न राहवून मीच ऑफिसला फोन केला. अकाउंटमधल्या ताईंनी उचलला. "गाडी गेली का हो?" विचारलं.

"केव्हाच गेली. का रे, तू आज आला नाहीयेस का?"

त्यांना पत्ता नव्हता. हे दुखणं पोटापेक्षा बरंच वर होतं, पण त्यावर जायफळ चालत नाही.

तेव्हा वाचकहो, वरचा मेल हवा तर उतरवून घ्या. पण नुसता उतरवून उपयोग नाही. आज तब्येत धडधाकट आहे तोवर आपल्या कामाची चावी कुणाकडे तरी देऊन ठेवा आणि त्याने ती एकदा लावून बघितलीय याची खात्री करा. आणि ऑफिसात दोन अण्णा असतील, तर आडनाव लिहा.